कुणी परत फोन करणार नाही

साडीच्या दुकानात ‘नको’ हा शब्द कुणी ऐकत नाही. बाई ‘नको’ म्हणाली की सेल्समन तिच्यासमोर आणखी चार घड्या मोडतो. सोलापूरच्या नवी पेठेतल्या ज्या दुकानात मी बिलिंग आणि कॉम्प्युटर सांभाळते, तिथले सगळ्यांत जुने सेल्समन म्हणजे आमचे मामा. ते मंद्रूपहून रोज येतात. त्यांचं म्हणणं ठरलेलं: “नको म्हणणारं गिऱ्हाईकच घेतंय ताई. नुसतं बरं-बरं म्हणणारं उठून जातंय.” गादीवर बसलेल्या बाईबाबत हे खरंही आहे. फोनच्या दुसऱ्या टोकाच्या बाईबाबत नाही, हे दुकानाला शिकवायला मला एक दसरा आणि एक दिवाळी लागली.

आमच्याकडे ग्राहकांचे नंबर जमत ते फॉल-पिकोमुळे. बाई साडी घेते, फॉल लावायला ठेवून जाते आणि “झाली की कळवा” म्हणून नंबर देते. कुणी अकलकोटची, कुणी नातेपुत्याहून लग्नाच्या खरेदीला आलेली. एवढ्या लांबून फुकट हेलपाटा नको, म्हणून नंबर द्यायचा. वर्षानुवर्षं असे नंबर साठत गेले. दसऱ्याच्या आधी मालकांनी ठरवलं की या सगळ्यांना मराठीतून मेसेज पाठवायचा.

मी म्हटलं, “मालक, त्यांनी नंबर साडी तयार झाल्याचं कळवायला दिलाय. जाहिरातीला नाही.”

“ताई, आपलीच गिऱ्हाइकं आहेत. सणाला शुभेच्छा द्यायला परवानगी कसली?”

“नुसत्या शुभेच्छा कुठं आहेत? खाली सूट लिहिलीय. सूट आली की ती जाहिरात.”

“तुम्ही लई कायदा काढता.”

मी काढत नव्हते. असे मेसेज टेलिकॉम कंपन्यांच्या पोर्टलवर आधी मंजूर करून घ्यावे लागतात. मजकूर, दुकानाचं नाव, आत दिलेला फोन नंबर, सगळं नोंदवायचं. मंजूर मजकुरात एक शब्द इकडचा तिकडे झाला तर मेसेज सुटतच नाही. जाहिरातीचा मेसेज जाहिरात म्हणूनच नोंदवायचा आणि तो नको असेल त्याला बंद करायची सोय त्यातच द्यायची. ही सोय मालकांनी स्वतः लिहिली: ‘मेसेज बंद करण्यासाठी संपर्क साधा’, आणि पुढे दुकानाच्या काउंटरवरचा मोबाईल.

“दुकानाचा नंबर कशाला?” मी विचारलं.

मालक हसले. “जाणारं गिऱ्हाईक फोन करेल, मामा बोलतील. मामांशी बोलून कुणी मोकळं गेलंय का आजवर?”

मेसेज मंजूर झाला आणि दसऱ्याच्या आठवड्यात सुटला. लोकांनी काय केलं असेल? सोलापुरात कुणी संपर्क-बिंपर्क साधत नाही, मिस्ड कॉल देतात. आणि दुकानात मिस्ड कॉल आला की उलट फोन करायचा, ही आमची जुनी रीत. मिस्ड कॉल म्हणजे गरजू गिऱ्हाईक, बॅलन्स नसलेलं. मामांनी एकही कॉल सोडला नाही.

“हॅलो, ताई, मिस कॉल दिला होता तुमी. या की दुकानात! इरकल आलीय, पैठणी आलीय... न्हाय न्हाय, मेसेज बंद करू की, पण एकदा बघून तर जावा!”

मी बिलं करता करता ऐकत होते. “मामा, त्या बंद करायला सांगतायत.”

“व्हय, सांगत्यातच की. म्हणूनच बोलायलोय.”

एका बाईंना मामांनी दुपारी फोन केला. त्या रात्रपाळी करून झोपलेल्या नर्स होत्या. त्या काय बोलल्या ते मामांनी सांगितलं नाही, पण कान लाल झाले होते. तरी संध्याकाळी त्यांनी त्याच बाईंना पुन्हा फोन केला, “आता उठल्या असतील” म्हणून.

दसरा संपला आणि काउंटरच्या मोबाईलवर टेलिकॉम कंपनीचा इशारा आला. या नंबरवरून नकोसे व्यापारी कॉल येतात अशा तक्रारी आहेत, त्या वाढल्या तर आउटगोइंग बंद होईल. मालकांनी तो तीनदा वाचला आणि फोन माझ्या टेबलावर ठेवला.

हा नंबर म्हणजे आमच्या दुकानाचा कणा. फॉल लावणाऱ्या बायका, शिलाईवाले, ट्रान्सपोर्टवाला, तयार साड्यांची वाट पाहणारी गिऱ्हाइकं, सगळ्यांशी बोलणं त्यावरूनच. ऐन दिवाळीत तो मुका झाला असता तर आमचा धंदा गप्प बसला असता.

मामा घाबरले. “ताई, त्या नर्सबाईंना फोन करून माफी मागू का?”

“मामा, फोननेच तर झालाय ना सगळा घोळ.”

“मग काय करू?”

“काहीच करू नका. तेच अवघड आहे, पण तेच करा.”

मालकांना तोवर पुण्याच्या एका एजन्सीचा माणूस भेटला होता. तो म्हणाला, मेसेज जाहिरातीऐवजी सेवेच्या वर्गात नोंदवू, म्हणजे जाहिरात नको म्हणून नंबर नोंदवलेल्यांनाही पोहोचेल. वरती ‘आपल्या खरेदीबद्दल आभार’ लिहायचं, खाली बारीक सूट घालायची. मालकांचे डोळे चमकले. मी सरळ सांगितलं, “मालक, एक तर दिवाळीचा मेसेज माझ्या हातात द्या, नाहीतर त्याच्या. पण त्याच्या हातात दिलात तर पुढचा इशारा वाचायला मला बोलवू नका.”

त्यांनी एजन्सीवाल्याचं कार्ड गल्ल्यात टाकलं. मग म्हणाले, “बघा तुम्हीच. पण दिवाळी वाया गेली तर बोलायचं नाही.”

“वाया गेली तर तुम्ही बोला. मी ऐकेन.”

म्हणजे आता जबाबदारी माझी होती.

आधी परवानगी. फॉल-पिकोच्या चिठ्ठीवर मी दोन वेगळ्या ओळी छापून घेतल्या. ‘साडी तयार झाल्याचा मेसेज पाठवा’ आणि ‘सणाच्या ऑफरचे मेसेज पाठवा’. प्रत्येकीपुढे रिकामा चौकोन, खूण बाईनेच करायची. पहिल्या दिवशी मामा दोन्ही चौकोनांत स्वतःच खुणा करून मोकळे झाले. “विचारायचं काय त्यात, पाठवू की!” मी त्यांच्या हातातलं पेन काढून दोरीने गिऱ्हाइकाच्या बाजूला बांधलं. जुन्या नंबरांपैकी ज्या बायका दिवाळीच्या खरेदीला आल्या त्यांना तिथेच विचारलं. शहराच्या पूर्व भागातल्या एका विणकर घरातल्या आक्का म्हणाल्या, “सूट असेल तर पाठव. उगं देवाचे फोटो नको.” ज्यांनी विचारूनही खूण केली नाही, किंवा ज्या आल्याच नाहीत, त्यांचे नंबर दिवाळीच्या यादीत घातले नाहीत. दसऱ्याला बंद करा म्हटलेले तर नाहीतच. यादी निम्म्याहून खाली आली. मालकांनी ती बघून पाणी मागितलं.

मग शब्द. मराठी मेसेज लवकर भरतो. सत्तर अक्षरांच्या पुढे गेलं की एकाचे दोन मेसेज धरतात, आणि मोजताना काना-मात्रा वेगळ्या मोजतात. ‘शुभेच्छा’ दिसायला तीन अक्षरं, मोजणीत आठ. मालकांच्या मसुद्यात मंगलमय, तेजोमय, आनंदमय असे तीन ‘मय’ होते. मी तिन्ही काढले.

“अहो, सणाचा मेसेज आहे! शोभा कशी येणार?”

“शोभा साडीला आणू. मेसेजात जागा लागतेय.”

ती जागा मला खालच्या दोन वाक्यांसाठी हवी होती. मिस्ड कॉलचा नंबर मी एसएमएस कंपनीकडून घेतला. एक घंटा वाजून आपोआप कट होतो, समोर माणूसच नाही, आणि कॉल करणाऱ्याचा नंबर तिथल्या तिथे यादीतून निघतो. मी लिहिलं: ‘हे मेसेज नको असल्यास याच मोबाईलवरून या नंबरवर मिस्ड कॉल द्या. तुम्हाला कुणी परत फोन करणार नाही.’

‘याच मोबाईलवरून’ हे महत्त्वाचं. मेसेज बाईच्या फोनवर येतो आणि ती नवऱ्याच्या फोनवरून कॉल करते, मग निघतो नवऱ्याचा नंबर. दसऱ्याला नवऱ्यांच्या फोनवरूनही मिस्ड कॉल आले होते. मी तो मजकूर फॉल लावणाऱ्या बायकांना वाचायला दिला. एकीने विचारलं, “काई पैसं कटत न्हाईत न्हवं?” दुसरी म्हणाली, “मिस कॉलला कुटं पैसं पडत्यात? पण शेवटचं लई बरं लिवलंय. नायतर मागं लागत्यात ओ.” मला हवं होतं ते कळलं.

एसएमएस कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, “मॅडम, शेवटचं वाक्य नियमात लागत नाही. काढलं तरी चालेल.”

“नियमात नाही, पण आमच्या दुकानाला लागतं.”

मालकही तेच म्हणत होते, उलट्या कारणाने. “असं लिहिलं तर सगळेच बंद करतील!”

“ज्यांना करायचं ते करतीलच. आता निदान तक्रार न करता करतील.”

मजकूर आणि नवा नंबर, दोन्ही पोर्टलवर नोंदवले. मंजुरी यायला वेळ लागला, तोवर मालक रोज माझ्या टेबलाशी येऊन नुसतेच उभे राहत. शेवटी मंजुरी आली. मेसेज जेमतेम तीन मेसेजच्या हिशोबात बसला होता, मालकांच्या ‘मय’वाल्याइतकाच. धनत्रयोदशीच्या आधी, सकाळी बाजार उघडल्यावर, मी तो सोडला.

काउंटरचा मोबाईल गप्प होता. मामांनी तो उचलून पाहिला, परत ठेवला. तासाभराने पुन्हा पाहिला. “ताई, एक बी मिस कॉल न्हाय.”

“दुसरीकडे येतायत. येऊ द्या.”

“किती?”

“थोडे. मोजू नका, मामा.”

दुपारनंतर दुकान भरू लागलं. बायका फोन पुढे करून विचारायच्या, “ही सूट कुठल्या साड्यांवर?” मामांना बोलायला तोंड पुरेना, आणि समोर बसलेल्या बाईला ते कितीही साड्या दाखवोत, माझी हरकत नव्हती. एक बाई आल्या, इरकल निवडली, बिलाला नंबर सांगितला. बघते तर त्यांनी सकाळीच मिस्ड कॉल देऊन मेसेज बंद केले होते. मामांना राहवलं नाही.

“ताई, तुमी तर बंद केलं होतं की!”

बाई म्हणाल्या, “मेसेज नको म्हटलं. साडी नको कुठं म्हटलं?”

सगळी गादी हसली. सगळ्यांत मोठ्याने मालक हसले.

तक्रार एकही आली नाही. दिवाळीभर काउंटरचा नंबर वाजत राहिला, फॉल वेळेवर लागले, साड्या वेळेवर गेल्या. पाडव्याला मालकांनी मला साडी दिली. रंग मला आवडला नाही. मी तसं सांगितलं आणि बदलून घेतली.

गुढीपाडव्याच्या आधी मालक तरातरा माझ्या टेबलाशी आले. शेजारच्या दुकानाचा मेसेज त्यांना आला होता. शेवटी तेच वाक्य, शब्दाला शब्द: तुम्हाला कुणी परत फोन करणार नाही.

“बघितलंत? आपलं वाक्य चोरलं!”

“आपलं?” मी विचारलं.

त्यांनी फोन खिशात टाकला. मग म्हणाले, “तुमचं, बाई, तुमचं. पण आता ह्याच्यापेक्षा चांगलं लिहा.”