एकोणीस शतांश

सायकल शर्यतीत सगळ्यात कमी पॅडल मारून सगळ्यात जास्त दमणारी बाई मी असते. गुडघा कामातून गेल्यापासून मी चालवत नाही, बेरजा करते. नाशिकच्या आमच्या क्लबची तीन दिवसांची शर्यत असते. रोज एक टप्पा, आणि तिन्ही टप्प्यांच्या वेळा मिळवून जिची बेरीज सगळ्यात कमी, ती पहिली. ऐकायला चौथीतलं गणित. पण साठ सेकंदांचा हातचा मिनिटांत आणि साठ मिनिटांचा तासांत नेत चाळीस बायकांच्या वेळा जुळवून बघा, म्हणजे मला इतकी चिडचिड का होते ते कळेल.

त्या वर्षी तर मी पहिल्या दिवसापासूनच वैतागलेली होते. ऑफिसातून सुट्टी कशीबशी मिळाली होती, मदतीला येणारे दोघे ऐन वेळी लग्नाला गेले होते. आणि माझी मैत्रीण शर्यतीत होती.

ती एसटीत कंडक्टर. बारा वर्षं आम्ही दोघी पहाटे त्र्यंबक रस्त्याला सायकल मारायचो, पुढची सहा वर्षं तिने एकटीने मारली. जिल्ह्याच्या संघात एकदा तरी जायचं, एवढंच तिला हवं होतं. एकदा बाळंतपण आडवं आलं, एकदा बदली, एकदा हात मोडला. यंदा महिलांमधल्या पहिल्या दोघी संघात जाणार होत्या. यंदा नाही जमलं तर सायकल भाचीला देऊन टाकणार, असं तिने मला सांगून ठेवलं होतं. ती बोलली की करते, त्यामुळे मला धास्ती होती.

पहिला टप्पा गंगापूर धरणाच्या रस्त्यावर, एकेकटीने चालवायचा. दर मिनिटाला एक जण सुटते. घड्याळ एकच, ते पहिलीसाठी सुरू होतं आणि शेवटपर्यंत चालूच राहतं. शेवटच्या रेषेवर बटण दाबलं की कागदाच्या पट्टीवर वेळ छापून येते, त्यातून तिची सुटायची मिनिटं वजा करायची. आपल्या मिनिटाला कुणी रेषेवर हजर नसलं तरी घड्याळ तिच्यासाठी थांबत नाही.

त्या सकाळी मी सुटण्याच्या टेबलावर नावांवर खुणा करत होते आणि माझं पेन बंद पडलं. मी झटकलं, कागदावर गिरमिटलं, मोठ्याने वैतागले. मैत्रीण रांगेत होती. तिने सायकल दुसरीच्या हातात दिली, टेबलापाशी आली, जर्सीच्या मागच्या खिशातून पेन काढून माझ्यापुढे ठेवलं आणि परत पळाली. कंडक्टरला पेनाशिवाय बाहेर पडवत नाही. ती सायकलवर बसेपर्यंत तिचं मिनिट सुरू झालं होतं. दोन सेकंद गेले असतील, फार तर तीन. मी ते पाहिलं आणि कामाच्या गडबडीत विसरले.

संध्याकाळी तक्ता भरताना त्यात फक्त सेकंदांपर्यंतच रकाने आहेत हे लक्षात आलं. नियमच तसा आहे, पुढचे शतांश सोडून द्यायचे. मी ते सोडले आणि पट्टी गुंडाळून डब्याच्या पिशवीत टाकली. मैत्रिणीची वीस मिनिटं सत्तेचाळीस सेकंद, पाचवी. नामपूरकडची एक कॉलेजातली मुलगी वीस मिनिटं एकतीस सेकंदांत येऊन तिसरी. म्हणजे सोळा सेकंदांचं अंतर.

दुसऱ्या दिवशी हरसूलच्या चढांवर मैत्रिणीने सोळाच्या सोळा सेकंद वसूल केले. ती दुसरी आली, मुलगी चौथी. मला मनातून इतका आनंद झाला की मी स्वतःवरच रागावले, कारण वेळ घेणाऱ्या बाईने कुणाच्या बाजूचं असू नये.

तिसरा टप्पा सायखेड्याला, सपाट रस्त्याचा. शेवटी अकरा जणींचा घोळका एकत्र आला. मैत्रीण जिवाच्या आकांताने पुढे सुटली आणि दुसरी आली, मुलगी पाचवी. पण सलग घोळक्यातून आलेल्या सगळ्यांना एकच वेळ मिळते, आणि आमच्याकडे पुढे आल्याबद्दल जादा सेकंद कापून देत नाहीत. दोघींना एक तास अडतीस मिनिटं बावन्न सेकंद.

गावातल्या शाळेच्या ओट्यावर बसून मी बेरीज केली. पहिली कधीच ठरली होती, ती दोन मिनिटांनी पुढे होती. दुसरीसाठी मैत्रिणीचे चार तास तेरा मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद. मुलीचेही चार तास तेरा मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद. तीनदा केली, तीनदा तेच.

मुलगी घामाने निथळत ओट्यापाशी आली. "ताई, मना नंबर कितवा शे?" मी तिला जरा थांब म्हटलं. मैत्रीण समोर लिंबाखाली पाणी पीत होती. तिने माझ्याकडे बघून हात केला. आपण पुढे आलो म्हणजे झालं, असं तिला वाटत होतं.

मुख्य पंच म्हणजे खेळाचे निवृत्त शिक्षक, सरळ माणूस. त्यांनी तक्ता पाहिला आणि विचारलं, "बरोबरी झाली की पहिल्या दिवसाचे शतांश मोजायचे असतात. ठेवलेत का, मॅडम? नसतील तर तिन्ही टप्प्यांच्या क्रमांकांची बेरीज करू."

ती बेरीज माझ्या डोक्यात झालीसुद्धा. पाच, दोन, दोन, नऊ. तीन, चार, पाच, बारा. कमी ती पुढे. मैत्रीण संघात. मी नुसती नाही म्हणून मान हलवायची होती. तक्त्यात शतांशाचा रकानाच नव्हता, कुणी मला खोटं पाडलं नसतं. मी तेव्हा इतकी दमले होते की खोटं बोलणंच सोपं वाटत होतं. पाय मोकळे करून घरी जावं, झोपावं आणि हा प्रश्न कुणी मला विचारलाच नव्हता असं समजावं. ती मुलगी ओट्याच्या पायरीवर बसून बुटाची पट्टी सोडत होती. मी पिशवीतून डबा काढला आणि डब्याखालची पहिल्या दिवसाची कागदाची पट्टी काढली.

मैत्रीण एकोणिसाव्या मिनिटाला सुटली होती. पट्टीवर एकोणचाळीस मिनिटं, सत्तेचाळीस सेकंद, त्रेसष्ट शतांश. मुलगी तेविसाव्या मिनिटाला. त्रेचाळीस मिनिटं, एकतीस सेकंद, चव्वेचाळीस शतांश. पंचांनी वजाबाक्या तपासल्या आणि मुलीला सांगितलं. ती दोन्ही हात तोंडावर धरून उभी राहिली.

मैत्रीण ओट्यावर आली. तिने पट्टी उजेडात धरून स्वतः हिशेब केला. रोज सुट्टे पैसे मोजणारी बाई, तिला वेळ लागला नाही.

"एकोणीस शतांश," ती म्हणाली.

मला रडू फुटलं. त्या दिवशी तू मला पेन द्यायला आली नसतीस तर, असं मी म्हणायला गेले आणि वाक्य पुरं होईना.

"रेषेवर वेळेवर उभं राहणं माझं काम होतं, तुझं नाही," ती म्हणाली. तिचा आवाजही दमलेलाच होता. तिने निकालाचा कागद पुढे ओढला. हरकत नाही म्हणून दोघींच्या सह्या लागतात, मुलीची झाली होती.

"माझं पेन दे," ती म्हणाली.

तीन दिवस मी त्याच पेनाने तक्ते भरले होते आणि ते तेव्हाही माझ्या हातातच होतं. तिने तिसऱ्या क्रमांकापुढे सही केली, टोपण लावलं आणि पेन मागच्या खिशात ठेवून दिलं. उद्या सकाळी ड्यूटी आहे, लागेल, एवढं म्हणून ती सायकलकडे गेली.