डाव्या बरगडीखालचं वळण

माझ्या लग्नाला पाच दिवस राहिले होते आणि नारायण पेठेतल्या मावशीकडे केळवण होतं. आठवड्यातलं चौथं. केळवणात पानातलं नको म्हणणं म्हणजे घरादाराचा अपमान, त्यामुळे बाबांनी मुकाट्याने बासुंदीची तिसरी वाटी संपवली, वर जड झालं म्हणून ते गटागटा सोडा प्यायले. दहा मिनिटांत डाव्या बरगडीखाली हात दाबून ते सोफ्यावर वाकले. चेहरा पांढराफटक.

माझी आई हार्ट अटॅकनेच गेली. मी कुणाला विचारत बसले नाही, सरळ रिक्षा केली.

इस्पितळात ईसीजी झाला, रक्त तपासलं. दोन्ही ठीक. मग डॉक्टरबाईंनी बरगडीखाली बोट ठेवून त्यावर टकटक केली. पोकळ आवाज आला, रिकाम्या डब्यासारखा. त्यांनी एक्स-रे काढायला लावला आणि पडद्यावर मला दाखवला.

"हे मोठं आतडं. उजवीकडून वर चढतं, पोटातून आडवं जातं आणि इथे, डाव्या बरगड्यांखाली, एकदम खाली वळतं. हे वळण सगळ्यांत उंच, आणि अरुंद. हवा वर जाणार आणि इथेच अडकणार."

वळणात काळा फुगा दिसत होता. हवा काळी दिसते, हे मला तेव्हा कळलं.

"पण जेवण तर आत्ताच झालं, इतक्यात गॅस?" मी विचारलं.

"हा आधीच्या जेवणांचा. आज पोट भरलं, की आतड्याला पुढे सरकायचा हुकूम मिळतो. सगळं ढकललं जातं, वळणाची भिंत ताणली जाते. वर फक्त पातळ पडदा, आणि त्याच्यावर हृदय. मग माणसाला वाटणारच, गेलो म्हणून."

अगं बाई! मी बघतच राहिले. एवढी वळणावळणाची वाट आपण सगळे आत घेऊन फिरतो, आणि ती मुकाट्याने काम करते म्हणून आपल्याला पत्ताही नसतो. मला खरंच हात जोडावेसे वाटले.

डॉक्टरबाईंनी बाबांना व्हरांड्यात चालायला सांगितलं. पाचव्या फेरीला असा आवाज झाला, की बाकावरच्या आजोबांनी वर बघितलं. बाबांच्या चेहऱ्यावर रंग आला.

"आता कसं वाटतंय?" मी विचारलं.

"बरं. सोमवारपासून जेवलं की दुखत होतं, आज गेलं."

"सोमवारपासून? आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर तू लग्न पुढे ढकललं असतंस."

"अहो बाबा, आणि खरंच हृदयाचं दुखणं असतं तर?"

"लग्न होईपर्यंत काढलं असतं कसंतरी," ते म्हणाले आणि चपला शोधू लागले.

मी तिथेच, भर व्हरांड्यात, त्यांना मिठी मारून ढसाढसा रडले.