फोनला ‘पुढे’ म्हणणाऱ्या बाई

शेतकऱ्यांना नाचणीबद्दल प्रश्न विचारता यावेत म्हणून आम्ही मोखाड्यात मोबाइलवर उत्तरं देणारा एक एआय मदतनीस तयार केला. त्याला प्रश्न फक्त टाइप करून विचारता यायचा, पण हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

सूर्यमाळच्या एका बाईंनी लिहिलं, “नाचणी लावणी कधी”. फोनवर बोलून विचारणारे असंच तुटक विचारतात, म्हणून एवढ्याशा मजकुरावरून त्यानं ठरवून टाकलं की बाई बोलताहेत. थोडं सांगून त्यानं लिहिलं, “बाकीचं ऐकायला ‘पुढे’ म्हणा.”

बाई फोनला “पुढे” म्हणाल्या. मग मोठ्यानं म्हणाल्या. फोन ढिम्म.

बाईंची तक्रार आल्यावर मी त्याच्या सूचनांत घातलं: माणूस बोलतोय की लिहितोय हे ठाऊक नसेल, तर धरून चालू नकोस.

बाईंना कारण सांगितलं: प्रश्न तुटक होता, म्हणून तुम्ही बोलताय असं त्याला वाटलं. त्या म्हणाल्या, “टाइप करायचा कंटाळा, म्हणून थोडं लिहिलं. त्यात माझा आवाज कुठून ऐकला त्यानं?”