एका दिवसाचा पाहुणा

मिस्त्रीला दुपारपासून एका जागी बूड टेकवता येईना. वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर चढवायचा, दोन टाके मारायचे, की पुन्हा चष्मा वर आणि नजर रस्त्याकडे. ट्रकचा आवाज आला की उठायचं, दुसराच कोणी निघाला की तोंडातल्या तोंडात पुटपुटत बसायचं. बायको डबा घेऊन शेडमध्ये आली आणि थोडा वेळ नुसती बघत राहिली.

"लेक-जावई रात्री आठपर्यंत यायचे आहेत. आत्तापासून काय येरझाऱ्या घालताय?"

"त्यांची नाही वाट बघत. पाहुण्याची बघतोय."

बायकोने कपाळावर हात मारला. पाहुणा म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं.

मिस्त्रीची शेड वाहन तपासणीच्या मैदानासमोर होती. ट्रकच्या मागे खाली, गुडघ्याच्या उंचीवर, एक आडवा लोखंडी गार्ड असावा लागतो. मागून कार येऊन धडकली तर ती ट्रकखाली घुसू नये म्हणून. तो नसला की तपासणीत गाडी नापास. पण गार्ड असला की माल उतरवायच्या उतारावर घासतो, खड्ड्यात टेकतो, ड्रायव्हर वैतागतात. यावर मिस्त्रीने अकरा वर्षांपूर्वी तोडगा काढला होता. त्याने एक झकास गार्ड बनवला. जाड पत्र्याची चौकोनी नळी, दोन मजबूत ब्रॅकेट, आठ बोल्ट. चासीला, म्हणजे ट्रकच्या लोखंडी सांगाड्याला, भोकं पाडायची, सकाळी गार्ड बसवायचा, तपासणी झाली की संध्याकाळी खोलून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ट्रकला लावायचा. गरज सरो आणि वैद्य मरो. ड्रायव्हरांनीच त्याचं नाव 'पाहुणा' ठेवलं होतं. आला, मिरवला, गेला.

हा पाहुणा मात्र तपासणी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहणार, म्हणून मिस्त्रीने त्यात कुठेही कंजूषपणा केला नव्हता. दर महिन्याला रंग, आणि त्यावर लाल चकाकणारी पट्टी, तीही असली. लावण्याआधी लोखंड पुसून कोरडं करायचं आणि पट्टी अंगठ्याने दाबत न्यायची. मग टॉर्च डोळ्याजवळ धरून लांबून बघायचं. टॉर्च कमरेला धरली तर चांगली पट्टीही मेल्यासारखी दिसते, कारण ती उजेड जिथून आला तिथेच परत पाठवते. हे तो प्रत्येक नव्या ड्रायव्हरला शिकवायचा. एवढं ज्ञान असलेला माणूस तोच गार्ड संध्याकाळी खोलून घ्यायचा, आणि त्याला कधी त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

आज सकाळी गार्ड लावलेला सिमेंटचा ट्रक पास झाला आणि ड्रायव्हर परत येण्याऐवजी सरळ माल भरायला निघून गेला होता. उद्या नऊ वाजता दुसरी गाडी ठरलेली, आणि तिच्या मालकाला मिस्त्रीने छाती ठोकून सांगितलेलं. मिस्त्रीने फोन केला. मग पुन्हा केला. पाचव्यांदा ड्रायव्हरने उचलला.

"मिस्त्री, तुमचा लोखंडाचा दांडा काय मी खाणार आहे? उद्या देतो की."

"उद्या नऊच्या आत शेडमध्ये पाहिजे. आत्ताच वळ. नाहीतर पुढच्या वेळी बोलायला तोंड ठेवू नकोस."

"माल भरलाय हो."

"मालासकट ये."

संध्याकाळी ड्रायव्हरचाच फोन आला. आवाजात कुरकुर होती. "वळलोय. दोन तासांत येतो. आता तरी स्वस्थ बसा."

मिस्त्रीला जरा बरं वाटलं, पण स्वस्थता कुठली. साडेसात झाले, आठ झाले. ट्रक नाही. लेकही नाही. आता बायकोही दारात येऊन उभी राहिली. "फोन लावा ना," ती म्हणाली. त्याने लेकीला लावला. वाजत राहिला. जावयाला लावला. तोही वाजत राहिला. गार्डची काळजी कधी गळून पडली हे त्याला कळलंही नाही.

सव्वाआठला लेकीचा फोन आला. "बाबा, आम्ही बरे आहोत. आधी ऐका, बरे आहोत. एका ट्रकला मागून धडकलो."

मिस्त्री स्कूटरवर कसा पोहोचला हे त्याचं त्याला माहीत. नऊ किलोमीटर. टायर फुटलेला ट्रक रस्त्याच्या कडेला, अर्धा डांबरावर उभा होता. बॅटरी म्हातारी, सकाळी इंजिन सुरू होणार नाही या धास्तीने ड्रायव्हरने पार्किंगचे दिवे बंद ठेवले होते. मागच्या फळीवरच्या पट्ट्या लोंबत्या ताडपत्रीखाली गेल्या होत्या. मागे ठेवायचा इशाऱ्याचा त्रिकोणही नव्हता. काळोखात काळी भिंत. कारचं बॉनेट चुरडून उभं राहिलं होतं, पण काच शाबूत होती. काचेच्या आतली दोन माणसंही शाबूत होती. जावयाचं मनगट सुजलेलं, लेकीच्या खांद्यावर सीटच्या पट्ट्याचा वळ. मिस्त्रीने दोघांना हाताने चाचपून पाहिलं, अगदी मुलं लहान असताना पडल्यावर पाहायचा तसं, आणि मग त्याला रडू आलं.

"खाली एक लाल रेघ दिसली," जावई सांगत होता. "बाकी काहीच दिसत नव्हतं. रेघ दिसली म्हणून ब्रेक दाबला. तरी आदळलो, पण आत नाही घुसलो."

मिस्त्री वाकला. नळी मधोमध वीतभर आत गेली होती. ब्रॅकेट जागच्या जागी. आठही बोल्ट धरून होते.

लेकही शेजारी येऊन वाकली. हे जोड तिने लहानपणापासून पाहिलेले. ती पंचनाम्याला आलेल्या पोलिसाकडे वळून म्हणाली, "हा माझ्या बाबांच्या हातचा आहे."

ड्रायव्हर इतका वेळ लांब उभा होता. तो आता हात जोडत पुढे आला. "मिस्त्री, माझी चूक झाली, दिवे लावायला हवे होते. पण तुम्हीच वळायला लावलंत. नाहीतर मी इथे नसतोच." मग गार्डकडे बघून त्याने हळूच विचारलं, "हा खोलायचा का? उद्या नऊला लागणार होता ना?"

"खोलायचा म्हणजे?" लेकीने विचारलं.

पोलीस तोवर कारच्या मागच्या बाजूला गेला होता. मिस्त्रीला खोटं सांगता आलं असतं. आयुष्यात हजार थापा त्याने मारल्या होत्या, पण आज जीभ वळेना. त्याने सांगितलं. तपासणीपुरता लावतो, संध्याकाळी काढून घेतो. याला पाहुणा म्हणतात.

लेकीने वाकलेल्या नळीकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे हा वेळेवर परत आला असता, तर या ट्रकला आज काहीच नसतं."

"नसतं."

"आत्तापर्यंत किती ट्रकचे काढलेत, बाबा?"

मिस्त्री आठवायला लागला. आठवड्याला तीन, कधी चार. अकरा वर्षं. त्याला हिशेब लागेना.

अपघातामुळे वाहतूक अडली होती. ट्रक एकामागून एक, मुंगीच्या पावलांनी त्यांच्या शेजारून सरकत होते. मागच्या गाडीचा उजेड पुढच्या ट्रकच्या बुडाखाली पडत होता. मिस्त्री रस्त्याकडे बघत उभा राहिला. कित्येक ट्रकच्या चासीवर दोन्ही बाजूंना चार-चार रिकामी भोकं दिसत होती, आणि ती त्यानेच पाडलेली होती.