हलणारा शॉट

मरोळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत, तिसऱ्या मजल्यावर आमचा ॲनिमेशन स्टुडिओ होता. चित्रं दुसरे काढायचे, मी ती एकावर एक रचून शॉट पुरा करायची. एकदा एका संस्थेची फिल्म आली. घाटकोपरच्या डोंगराला लागून असलेल्या वस्तीत संरक्षक भिंत पडली होती. त्यात जिची शेजारीण गेली, त्या मावशीचा आवाज संस्थेने रेकॉर्ड केला होता. त्यावर आम्ही चित्रं करायची.

मी भिंतीचा शॉट साधा लावला. चौकट स्थिर, भिंत खचते, धूळ उठते, मावशी धावते. दिग्दर्शकाने तो पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

"मेलेला वाटतोय. कोणीतरी तिथे उभं राहून शूट केल्यासारखा हवा. शेक दे, फोकस पुल कर."

"कॅमेराच नाहीये, रे. कागदी चित्रं आहेत."

"म्हणून तर तुला सांगतोय ना."

मी केलं, आणि मन लावून केलं, हे आधीच सांगून टाकते. चित्रांचे सगळे थर एका अदृश्य बिंदूला बांधले आणि तो बिंदू हलवला. आधी हातात धरलेल्या कॅमेऱ्याची संथ डुगडुग, भिंत पडताच जोराचा धक्का, मग तो हळूहळू विरतो. जवळचे थर जास्त हलवले, लांबचे कमी. हलताना कडेची रिकामी जागा दिसू नये म्हणून चित्र थोडं मोठं केलं. फोकस पुल म्हणून मावशीचा चेहरा धूसर करत नेला आणि त्याच वेळी मागचा थर स्पष्ट होत गेला. तिथे ढिगाऱ्यातून शेजारणीचा हात बाहेर आला होता. फोकस मी किंचित पुढे जाऊ दिला आणि परत आणला, खऱ्या माणसाचा हात चुकतो तसा. जमिनीचा थर सपाट, एकच. त्यावर लांब जाईल तसा वाढणारा धूसरपणा दिला, नाहीतर पाय हवेत तरंगले असते.

झकास झालाय, असं दिग्दर्शक म्हणाला. मलाही बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची अजून किळस येते.

मंजुरीसाठी संस्थेची बाई मावशीला घेऊन आली. मावशी मूळची वेंगुर्ल्याकडची, घरकाम करणारी. चप्पल दाराबाहेर काढून ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली. फिल्म शेवटपर्यंत पाहिली. मग मला विचारलं, "ह्यां कोणी काढलान?"

"मी, मावशी. म्हणजे चित्रं दुसऱ्यांची."

"तसा नाय. थंय उभा रवान कोण काढी होता?"

मी म्हटलं, कोणीच नव्हतं, हे सगळं खोटं हलवलेलं आहे.

"दोघे होते," ती म्हणाली. "मोबाईल घेवन. आमी हातान माती काढी होतो आणि ते असेच हलत हलत जवळ येय होते. तिच्या हाताजवळ. मी त्यांका शिव्या घातलंय. तुमचो काढणारोय त्यातलोच एक वाटता."

दिग्दर्शकाने खाली मान घातली नाही. तो संस्थेच्या बाईकडे वळून म्हणाला, "बघा, म्हणजे किती खरं वाटतंय."

मी उठून बाथरूममध्ये गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिले. तो असं बोलला याचा राग होताच. पण ते दोघे कसे चालले असतील, त्यांचा हात कुठे थरथरला असेल, फोकस कुठे चुकला असेल, हे मी तिथे न जाता अचूक काढलं होतं.

परत आले तेव्हा मावशी म्हणत होती, "तिचो हात तेवढो काढून टाका. तिका दोन पोरां आसत. तीय बघतली."

दुसऱ्या दिवशी मी हाताचा थर काढला, फोकस पुल काढला, आणि न विचारता शेकही पूर्ण काढला. संध्याकाळी दिग्दर्शकाने फाइल उघडली.

"हात गेला ते ठीक. शेक का काढलास?"

"मावशी काय म्हणाल्या, ऐकलंस ना?"

"ती हाताबद्दल म्हणाली."

"मग तू दे. मी देणार नाही."

त्याने स्वतः बसून दिला, माझ्यापेक्षा बराच वाईट. हलण्याचा आकडा भलताच मोठा ठेवला. धक्क्याच्या वेळी डाव्या कडेला काळी पट्टी दिसत होती. मी ती पाहिली आणि सांगितली नाही. फिल्मच्या शेवटी येणाऱ्या यादीतून माझं नाव काढ, एवढं म्हणाले.

"नावं कोण वाचतं, यार," तो म्हणाला, आणि तसंच ठेवलं.

फिल्म संस्थेच्या कार्यक्रमात दाखवली गेली. मी गेले नाही. मावशी गेली होती आणि मधूनच उठून बाहेर आली, असं संस्थेच्या बाईने फोनवर सांगितलं. शेजारणीच्या पोरांना तिने आणलंच नव्हतं.