काकांचा 'घेण्यास नकार'

माझे काका चौतीस वर्षं पोस्टमन होते. या काळात सात कुत्री त्यांना चावली, आणि सातही कुत्र्यांचे पत्ते त्यांना आजही पाठ आहेत. घर क्रमांक, मजला, सगळं. कोणी जुना ओळखीचा भेटला की ते विचारतात, "तुमच्या समोरच्यांचं ते काळं अजून आहे का?" ते काळं जाऊन वीस वर्षं झाली असतील, पण काकांच्या पोटरीत ते अजून जिवंत आहे.

काका मोठे तत्त्वाचे, आणि तत्त्वाच्या माणसाला समजावणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. मी हे प्रेमाने लिहितेय, पण लिहिताना दात ओठ खातेय. त्यांचं मुख्य तत्त्व असं, की जगातली कुठलीही भानगड पत्र परत पाठवल्याने संपते. नको असलेलं पत्र आलं, तर त्यावर 'घेण्यास नकार' असा शेरा मारायचा आणि सोडून द्यायचं. विषय संपला.

गेल्या वर्षी खालच्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं आणि सोबत एक पिवळा कुत्रा आला. हा कुत्रा आकाराने वासराएवढा आणि जिन्याच्या मधल्या टप्प्यावर आडवा पसरायची त्याला भारी हौस. काकांनी भाजी आणायला जाणं सोडलं. मग एक दिवस मोबाइलवर त्यांना एक ॲप सापडलं. कुत्र्यांचं मन ओळखा, चौदा दिवस मोफत. मोफत म्हटल्यावर काकांनी लगेच उडी मारली. मोफत असूनही ॲपने कार्डाचा नंबर मागितला, याचं काकांना काही वाटलं नाही. काकांकडे कार्ड नव्हतंच. काकूंचं होतं, ते दिलं.

त्यानंतर कुत्र्याचं नाव विचारलं. आता काकांकडे कुत्रा कुठला? त्यांनी काकूंच्या धाकट्या भावाचं टोपणनाव घातलं. ढब्बू. वयाच्या यादीत सगळ्यात मोठा आकडा पंचवीस होता, म्हणून पंचवीस. स्वभाव: हट्टी. भूक: भरपूर. व्यायाम: टाळतो. हे भरताना काकांना फार दिवसांनी इतका आनंद झाला होता, हे त्यांनी स्वतः मला सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून ईमेलवर पत्रं सुरू झाली. 'ढब्बूला आज फिरायला नेलंत का?' 'ढब्बूचे दात पिवळे पडलेत?' 'ढब्बू सोफ्यावर चढतो? त्याला प्रेमाने खाली उतरवा.' हे शेवटचं आलं तेव्हा खुद्द ढब्बूमामा सोफ्यावर बसून तिसरा चहा पीत होते, आणि काकांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

रोज तीन पत्रं. दहा दिवसांत काकांनाही कंटाळा आला. पत्राच्या अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत 'ही पत्रे नकोत' असं लिहिलेलं होतं, ते त्यांनी दाबलं. 'आमच्या रोजच्या सूचना आता येणार नाहीत' असं पान उघडलं. काकांनी चष्मा पुसला आणि घरात जाहीर केलं, "घेण्यास नकार. विषय संपला." जादा काळजी म्हणून त्या कंपनीकडून येणारं प्रत्येक पत्र आपोआप स्पॅममध्ये जाईल अशी सोयही केली. आणि ॲप? ते तसंच ठेवलं. "फुकट आहे, राहू दे," म्हणाले.

इथे काकूंबद्दल सांगायला हवं. काकूंना गेली तीन वर्षं फार कमी ऐकू येतं. फोनवर मी "कशी आहेस?" विचारलं की त्या म्हणतात, "कालच केली." त्यांनी शिवणकामाचे पैसे बाजूला टाकून कानाच्या मशीनसाठी साठवले होते. मशीन तयार होतं, शुक्रवारी पैसे भरून आणायचं होतं. खात्यात पैसे बरोबर तेवढेच होते, वर मोजून शंभराच्या दोन नोटा.

सोमवारी काकूंनी पासबुक छापून आणलं आणि मला फोन लावला. "मला ऐकू येत नाही गं, पण वाचता येतं. दर तीन महिन्यांनी कोणीतरी माझे बाराशे नेतंय. दोनदा नेले. आता या गुरुवारी परत तीन महिने भरतायत. शुक्रवारचं मशीन राहणार बघ."

मी गाद्या विकणाऱ्या एका कंपनीत तक्रारींच्या पत्रांना उत्तरं देते. त्यामुळे दोनदा बाराशे ऐकल्यावर मला लगेच कळलं, की काकांच्या ॲपचे मोफत चौदा दिवस कधीच संपलेत. बुधवारी अर्धी रजा टाकून मी गेले. तोवर काकांनी दोन पराक्रम केले होते.

एक, त्यांनी कंपनीच्या जुन्या पत्राला उत्तर म्हणून 'घेण्यास नकार, प्रेषकाकडे परत' असं लिहून पाठवलं. ते दोन मिनिटांत परत आलं. या पत्त्यावर पत्रं वाचली जात नाहीत म्हणे. काका हबकले. "चौतीस वर्षांत मी असा पत्ता पाहिला नाही, जिथून पत्रं निघतात पण पोचत नाहीत!"

दोन, ते बँकेत गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, कार्ड आत्ता बंद करते, पण नवं यायला दहा दिवस लागतील. शिवाय कार्ड बंद केल्याने त्या कंपनीशी झालेला करार संपत नाही, ते थकबाकी म्हणून मागत राहतील. आधी त्यांच्याकडे रद्द करा. काका घरी येऊन म्हणाले, "बँकेला काही कळत नाही. मी तर सहा महिन्यांपूर्वीच रद्द केलंय!"

"काका, तुम्ही पत्रं रद्द केलीत. पैसे नाही."

"पत्रच नको म्हटल्यावर पैसे कशाचे?"

माझं डोकं फिरलं. पण मला लहानपणची एक गोष्ट आठवली. "काका, तुम्ही कोर्टाची नोटीस द्यायला जायचात. लोक दार लावून घ्यायचे. तेव्हा तुम्ही काय सांगायचात?"

काका ताठ बसले. हे वाक्य ते झोपेतही म्हणतील. "पत्र नाकारलंत म्हणून खटला थांबत नाही. तारीख पडते ती पडतेच."

म्हटल्यानंतर त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग ते हळूच म्हणाले, "अरे देवा. मीच दार लावून बसलो होतो."

मला त्यांची फार दया आली, पण घड्याळात साडेचार वाजले होते.

स्पॅम उघडलं. तिथे एकशे बारा पत्रं. त्यात दोन पावत्या आणि आठवड्यापूर्वीची एक सूचना: 'गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता पुढच्या तीन महिन्यांचे पैसे घेतले जातील. नको असल्यास किमान चोवीस तास आधी रद्द करा.' रोजच्या सूचना थांबल्या तरी जाहिराती, पावत्या आणि पैशांच्या सूचना येतच होत्या, काकांनीच त्यांना अंधारकोठडीत टाकलं होतं. पावतीवर पैसे कोण घेतं ते लिहिलेलं असतं, म्हणून मी ती आधी पाहिली. मोबाइलमधल्या ॲपच्या दुकानामार्फत पैसे गेले असते तर तिथे जाऊन रद्द करावं लागलं असतं. हे पैसे कंपनीने थेट कार्डावरून घेतले होते, म्हणजे कंपनीच्या साइटवरच जायचं.

पासवर्ड काकांना आठवेना. सातही कुत्र्यांचे पत्ते घालून पाहिले. शेवटी नवा मागवला, तोही स्पॅममध्ये आला, म्हणून काकांनी केलेली ती सोय मी काढून टाकली. पाच वाजून दहा मिनिटं.

'माझे खाते', त्यात 'पैसे आणि योजना', त्यात सगळ्यात खाली 'योजना रद्द करा'. दाबलं. पडद्यावर डोळ्यांत पाणी आणलेलं कुत्र्याचं पिल्लू आलं. 'ढब्बू उदास होईल. खात्री आहे?' काका म्हणाले, "उदास? त्याला चहा दिला की झालं."

पुढे कारण विचारलं. ते निवडल्याशिवाय पुढे जाता येईना. महाग वाटते, कुत्रा हरवला, कुत्रा आता या जगात नाही, कुत्रा दुसऱ्या घरी दिला.

"तिसरं दाब," काका म्हणाले. "पुढे प्रश्न विचारणार नाहीत."

काकू मागे उभ्या राहून वाचत होत्या. "अहो! माझ्या भावाला मारताय?"

"अगं, कागदोपत्री!" काका त्यांच्या कानाशी ओरडले.

"कागदोपत्रीसुद्धा नाही. त्याला आधीच रक्तदाब आहे."

पाच वीसला घरात ढब्बूमामांच्या हयातीवर भांडण चाललं होतं. मी 'महाग वाटते' दाबलं. मग अर्ध्या किमतीत देऊ का, असं पडद्यावर आलं. नाही. एक महिना थांबवू का? नाही. शेवटी मोठ्या हिरव्या बटणावर 'ढब्बूसोबत राहा' आणि खाली फिकट अक्षरांत 'तरीही रद्द करा'. काकांचं बोट हिरव्याकडे निघालं होतं, मी ते हवेतच पकडलं.

पाच तेहतीसला पत्र आलं. 'तुमची योजना रद्द झाली आहे. यापुढे पैसे घेतले जाणार नाहीत. गुरुवारपर्यंत वापरता येईल.'

"पोच आली!" काका उभेच राहिले. पोच म्हणजे त्यांचा देव. त्यांनी ती वहीत तारीख, वेळ, क्रमांकासह उतरवून घेतली आणि खाली सही केली. तळाशी दाबलेल्या त्या 'नकोत'ची अशी पोच कधी आलीच नव्हती, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

गुरुवारी सहाला मी परत तिथेच. फोन वाजला आणि काका नि मी दचकलो, आमच्याकडे बघून काकूही. बँक नव्हती. 'ढब्बू, परत ये! खास सवलत.'

"हे काय? सगळं बंद केलं ना?" काका ओरडले.

"काल पैसे बंद केले. त्याआधी तुम्ही फक्त रोजच्या सूचना बंद केल्या होत्या. सवलतींची पत्रं ही तिसरीच यादी." पत्राच्या तळाशी जाऊन 'सर्व प्रकारची जाहिरातपत्रे बंद' यावर खूण केली. मोफतचे आणि विकतचे दोन्ही दरवाजे लागले. खात्यात शंभराच्या दोन नोटा जास्तीच्या जशाच्या तशा होत्या.

"पण काका," मी विचारलं, "भाजीवाला दारावर येतो. तुम्हाला जिन्यावरच्या कुत्र्याशी ओळख कशाला हवी होती?"

"उगाच," ते म्हणाले आणि वही बंद करून बसले.

शुक्रवारी मशीन आलं. काकूंनी ते कानात घातलं आणि आधी पंख्याचा आवाज ऐकून घाबरल्या. मग त्यांची बाजाराची पिशवी घेऊन आम्ही खाली निघालो. काका नेहमीसारखे चार पायऱ्या पुढे होते. मी समजायचे, गुडघ्यांमुळे जिना हळू उतरावा लागतो म्हणून ते आधी निघतात. काकूही तेच समजायच्या.

मधल्या टप्प्यावर पिवळा कुत्रा पसरला होता. काका त्याच्यापुढे थांबले, घाबरून भिंतीला टेकले आणि ॲपमध्ये शिकवलं तसं डोळे किलकिले करून खालच्या आवाजात म्हणाले, "जरा बाजूला हो बाबा. ती येतेय मागून. तिला तू गुरगुरलेलं ऐकू येत नाही."

कुत्रा उठला आणि भिंतीकडे सरकला. काकू तीन पायऱ्या वर थबकल्या होत्या. त्यांनी कानावर हात ठेवला.

"अहो," त्या म्हणाल्या, "त्याला सांगा, आता येतं."