तीन मजले पाणी

समजा, तुमच्या हातात पाण्याच्या पंपाचं माहितीपत्रक आहे आणि तुम्हाला ते सातासमुद्रापार वाचता येईल असं करायचंय. त्यात छापलंय: ‘तीन मजले पाणी चढवतो. उन्हाळी सवलत ४/५ पर्यंत. घरपोच मोफत. बिघडल्यास कोपऱ्यावरच्या दुकानात आणून द्यावा.’ करा सुरुवात.

कारखान्यात महिन्याभरापूर्वी लागलेल्या मुलीने केली. तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे याच पत्रकावर ठरणार होतं. मालकांनी काम देताना सांगितलं होतं, भाषा बदल, बाकी अक्षर हलवू नकोस, माझ्या वडिलांनी स्वतः लिहिलंय.

तिने बरंच हलवलं. किमतीपुढे चलन लिहून परदेशी चलनातला आकडा दिला आणि दर कुठल्या तारखेचा तेही. फोनला देशाचा क्रमांक जोडला, इंचांचे मिलिमीटर केले, विजेचे व्होल्ट आणि हर्ट्झ टाकले. ४/५ म्हणजे चार मे, पण काही जण पाच एप्रिल वाचतील म्हणून महिना अक्षरात लिहिला. मग आठवलं, तिकडे काही देशांत तेव्हा उन्हाळाच नसतो, म्हणून ‘उन्हाळी’ काढलं. घरपोच मोफत पाहून मालक स्वतःच दचकले. जहाजाचं भाडं आपल्या खिशातून जाईल, हे वडिलांच्या लक्षात आलं नसावं. ती ओळ त्यांनीच खोडली, आणि कोपऱ्यावरच्या दुकानाच्या जागी तिने कारखान्याचा पूर्ण पत्ता टाकला.

उरले ते तीन मजले.

“साहेब, काही देशांत तळमजल्यालाच पहिला म्हणतात. आपले तीन मजले म्हणजे नेमके किती मीटर?”

“शंकाबाई,” मालक म्हणाले, “तीस वर्षांत एका गिऱ्हाइकाने विचारलं नाही. संध्याकाळी पत्रक छापायला जातंय. तुला छापायचंय की मोजायचंय?”

छापायचंच होतं. पण खोटा आकडा खाली नाव नसतानाही तिला आपलाच वाटला असता. ती मिस्त्रीकाकांकडे गेली. त्यांनी कुरकुरत पंप चालू केला, जिन्यातून पाइप वर नेला. पाइपाच्या तोंडापर्यंतची उंची तिने टेपने मोजली. सात मीटरवर वीस लिटरची बादली मिनिटात भरली. तिसऱ्या मजल्यावर, दहा मीटरवर, पाणी थेंबथेंब टपकत होतं, पायऱ्या चढून दमल्यासारखं.

“चढलं की,” काका म्हणाले. “पत्रकात कुठे लिहिलंय, किती चढतं?”

तिने लिहिलं: सात मीटर उंचीवर मिनिटाला वीस लिटर. मालकांनी तो आकडा बराच वेळ पाहिला आणि सही केली. परदेशी माणूस पंप परत पाठवेल, ही भीती वडिलांच्या अक्षरांपेक्षा मोठी निघाली. मुलगी कायम झाली.

इथलं पत्रक मात्र तसंच राहील, असं त्यांनी बजावलं. तिने मान डोलावली. पण जागेवर येऊन बसल्यावर एकच गोष्ट डोक्यातून जाईना: इतकी वर्षं इथल्या तिसऱ्या मजल्यावरची माणसं बादली कशी भरत होती?